नमस्कारानंतर गप्प झालेली माणसं

रक्त तपासणी केंद्राच्या ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. चिडवायला म्हणत, पण तिला ते आवडायचं. वहिनी तिच्या समोरच्याच टेबलावर. त्या कोणाच्याच वहिनी नव्हत्या, तरी साहेबांपासून सगळे त्यांना वहिनीच म्हणत. केंद्राच्या चॅटवर कोणी काही विचारलं, की मशीन जी तयार उत्तरं देतं, ती वहिनींनी लिहिलेली.

लोक आधी नुसतं ‘नमस्कार’ टाकतात, नाहीतर ‘हाय’. त्यावर वहिनींचं उत्तर जायचं: ‘नमस्कार. रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर मिळतात. रक्त द्यायचं असेल तर सकाळी उपाशीपोटी या. आणखी काही असेल तर सांगा.’ साहेबांना हे लांबण वाटलं. त्यांनी स्वतः एक लिहिलं: ‘नमस्कार! मी तुमची काय मदत करू?’ आणि आकडेबाईला म्हणाले, मोजून सांग कुठलं चालतं ते.

मोजणं तर तिच्या डाव्या हातचा मळ. निम्म्या लोकांना वहिनींचं उत्तर, निम्म्यांना साहेबांचं. उत्तर वाचून माणसाने पुन्हा काही लिहिलं, की तो ‘पुढे बोलला’. काहीच न लिहिता गेला, की ‘सुटला’. महिनाभराने पाहिलं तर साहेबांच्या उत्तरावर शंभरातले सत्तर पुढे बोलले होते. वहिनींच्या उत्तरावर शंभरातले साठ सुटले होते. इतकं स्पष्ट, की चॅट उघडून वाचायची तिला गरजच वाटली नाही. बाई गं, तिथेच तर घात झाला.

मीटिंगमध्ये तिने आलेख दाखवला. साहेब खूश. उत्तरं लिहायला वेगळं माणूस कशाला, हेही त्यांनी त्याच बैठकीत ठरवून टाकलं. वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी आलेखाकडे बराच वेळ पाहिलं आणि तिला एवढंच विचारलं, “इतके लोक माझं वाचून निघून जात होते?”

“हो ना वहिनी,” ती म्हणाली. आपण खरं तेच सांगतोय, याचा तिला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता.

वहिनींची नोकरी गेली. मग फोनवर बसणारी मुलगी कुरकुरायला लागली, की चॅटवर उत्तर मिळत नाही म्हणून माणसं तिच्यावर ओरडतात. साहेबांनी कारण शोधायला सांगितलं, तेव्हा कुठे आकडेबाई चॅट वाचायला बसली. बैल गेला नि झोपा केला!

साहेबांच्या उत्तरानंतर लोक लिहीत होते, ‘रिपोर्ट कधी?’ मशीन म्हणे, समजलं नाही; रिपोर्टची वेळ तर फक्त वहिनींच्या उत्तरात होती. मग ‘हॅलो?’ मग ‘कोणी आहे का?’ हे सगळे तिच्या हिशेबात ‘पुढे बोललेले’. आता तिने प्रत्येकाच्या फोन नंबरवरून चॅटनंतरच्या दोन दिवसांत काय झालं ते तपासलं. वहिनींच्या ‘सुटलेल्या’ माणसांतल्या बहुतेकांनी फोन केला नव्हता, चॅटवर पुन्हा विचारलं नव्हतं. ती माणसं सकाळी उपाशीपोटी येऊन रक्त देऊन गेली होती, नाहीतर सहानंतर रिपोर्ट नेऊन मोकळी झाली होती. हवं ते मिळालं, गेली. आणि ती माणसं नाराज होऊन पळाली, असं तिने भर बैठकीत सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिला रडूच आलं.

साहेबांनी चूक मान्य केली, वहिनींचं उत्तर परत लावलं. वहिनींची नोकरी मात्र परत द्यायला ते तयार नव्हते. ती पुष्कळ वेळ भांडली, मग वहिनींना शोधत निघाली.

वहिनी एका वह्या-पेनांच्या दुकानात काउंटरला होत्या. तिला पाहून नुसत्या हसल्या. तिने सगळं सांगितलं, एका दमात. चूक माझी होती, तुमची एक ओळही चुकीची नव्हती, लोक तुमच्यामुळे सुखी होऊन जात होते.

वहिनींनी ऐकून घेतलं. “बरं झालं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “तू मोजलं होतंस, म्हणून मी लगेच मानलं गं. घरीसुद्धा बोलायच्या आधी वाटायचं, आपण तोंड उघडलं की माणसं उठून जातात.”

“आता तरी नाही ना वाटणार?”

वहिनी काही बोलणार, तेवढ्यात एक आजोबा दुकानात आले. “नमस्कार,” म्हणाले. वहिनींचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांनी नुसती मान हलवली, आणि आजोबा काय मागतात याची वाट पाहत गप्प उभ्या राहिल्या.