तेहतीस ग्रॅम

पूर्ण चमचा पावडर. पेलाभर म्हशीचं दूध. एक केळं. वर पाणी, तांब्या भरेपर्यंत.

देऊळघाटच्या तालमीतून घामाघूम होऊन आलेल्या दुर्गाला तिचा बाप पुंजाजी रोज हेच घुसळून द्यायचा. वस्ताद जानरावांनी बापाकडून हिशेब पाठ करून घेतला होता. डब्यातल्या मोठ्या चमचाभर पावडरचे चोवीस, दुधाचे आठ, केळ्याचा एक. तेहतीस ग्रॅम प्रोटीन. "मेहनतीनंतर पोरीले एवढं पोचलंच पाह्यजे."

ग्रॅम पुंजाजीला नवे नव्हते. बायको, शालूबाई, होती तेव्हा तिची डाळ तो असाच मोजून वाढायचा. किडनीच्या डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला लावलं होतं. ती वाटी पुढे करायची, तो पळी आखडती घ्यायचा. वाटीकडे बघत बघतच गेली बिचारी.

मग पारावर कुणीतरी बोललं, पावडरनं किडन्या जातात.

"धडधाकट पोरीले काही होत नाई बे," जानराव म्हणाले. पण पुंजाजीनं दुसऱ्या दिवसापासून माप बदललं.

अर्धा चमचा पावडर. अडीच पेले दूध. एक केळं. पाणी नाही.

बारा, वीस, एक. तेहतीसच! पोरीला त्यानं सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

"बाबा, लय घट्ट लागून राह्यलं."

"म्हैस खुश हाय तुह्यावर."

दुर्गा हसली. पुढे हसेनाशी झाली. आधी भाकरी अर्धी केली, मग रात्रीचं जेवण सोडलं. भर उन्हात स्वेटर घालून धावायची.

"काऊन जेवत नाई, माय?"

"वजन उतरून नाई राह्यलं."

पुंजाजीनं तिच्या हातात तांब्या दिला. निदान हे तरी जाऊ दे पोटात.

बुलढाणा. कुस्तीची निवड चाचणी. त्रेपन्न किलोचा गट.

काटा: त्रेपन्न किलो आठशे.

आदल्या दिवसापासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ फुटले होते. खाली उतरली, पुन्हा चढली. काटा हलला नाही. तिच्या नावावर काट मारली गेली.

"काय चारलं बे हिले?" जानराव कडाडले.

पुंजाजीनं सांगितलं. अर्धा, अडीच, एक.

वस्तादांनी बोटांवर हिशेब केला. "प्रोटीन बराबर हाय रे. पण एवढ्या दुधासंगं लोणी बी गेलं ना पोटात, रोजच्या रोज."

दुर्गानं ऐकलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले इचारायचं तरी, बाबा."

"तुह्या मायच्या किडन्या..."

तिनं पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती तालमीत गेली, आली. तांब्यात पेलाभर दूध, केळं. पुंजाजीनं डबा उघडला. चमचा भरला आणि हात सवयीनं निम्म्यावर झटकायला गेला.

"भरू द्या," दुर्गा म्हणाली.

त्यानं भरू दिला. पाणी ओतलं. घुसळलं. तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि ती पिताना दिसू नये म्हणून गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.