छापलेलं पॅरलल

फोटो इतका वाकडा होता की अनुवादिकेला मान तिरकी करून वाचावं लागत होतं. कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा, मध्यावर घडी, आणि देवनागरी ओळींत जागोजागी इंग्रजी शब्द घुसलेले. विजेच्या कामाची ती प्रश्नपत्रिका पाच वाजायच्या आत इंग्रजीत करून फेरतपासणी समितीला पाठवायची होती. समितीत मराठी वाचणारं कोणीच नव्हतं. तिथे अनुवाद हीच प्रश्नपत्रिका.

अर्ज एका मुलीचा होता. एका गुणाने नापास. प्रमाणपत्र नाही म्हणून मिळालेली नोकरी सोमवारी हातची जाणार होती.

वाद सातव्या प्रश्नाचा. दहा आणि वीस ओहमचे दोन रेझिस्टर पॅरललमध्ये, सप्लाय साठ व्होल्ट, एकूण करंट किती? पर्याय एक, दोन, तीन, सहा. मुलीने चारही पर्याय सोडून बाजूला नऊ अँपिअर लिहिलं होतं.

अनुवादिकेने दोनदा मांडून पाहिलं. नऊच. दोन येतात ते रेझिस्टर सीरीजमध्ये असतील तर. आता आली का पंचाईत, कारण पेपर काढणारे आणि तपासणारेही अनुवादिकेचे मामाच, आणि ते समोर चहा पीत बसलेले.

मामांना त्यात काही विशेष वाटलं नाही. जुना पेपर उचलून आकडे बदलले, एक शब्द बदलायचा राहिला असेल, तू सीरीज कर, असं त्यांनी सुचवलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. बत्तीस वर्षं शिकवून माणूस इतक्या सहज असं बोलतो?

"अर्थ बदलायचा नाही असं तूच सांगतेस ना? माझ्या मनात सीरीजच होतं," मामा म्हणाले.

"मुलीच्या हातात तुमचं मन नव्हतं, मामा. कागद होता."

मामा फुरंगटले. भाचीसाठी काय काय केलं त्याची उजळणी झाली. तिने मान वर न करता पॅरललचं पॅरललच ठेवलं, पर्याय जसेच्या तसे उतरवले आणि खाली टीप टाकली: मूळ प्रश्नात असेच छापले आहे, अनुवादात दुरुस्ती केलेली नाही. मग फोटो त्यांच्यापुढे सरकवून एकदा सोडवून बघायला सांगितलं.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. सहा आणि तीन, नऊ. पेन तिथेच थांबलं. छापल्याबरहुकूम तो प्रश्न त्यांनी आजवर सोडवलाच नव्हता.

"तिला शून्य मीच दिलंय," ते म्हणाले.

अनुवादिकेला दया आली, रागही गेला नाही. तिने पाठवायचं बटण दाबायला बोट पुढे केलं.

"ती टीप जरा बारीक अक्षरात घाल."

तिने टीप होती तशीच ठेवून पाठवलं.