मेट्रनबाईंचा पसारा

चादरीच्या कोपऱ्याला सुरकुती पडली म्हणून मेट्रनबाईंनी नोकरीत असताना भल्याभल्या नर्सना रडवलं होतं. निवृत्तीनंतर त्याच बाई स्वतःच्या घराच्या पॅसेजमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. पडताना त्यांनी आधाराला दुसरा गठ्ठा धरला. तो इमानदारीने त्यांच्या अंगावर आला.

परगावाहून मुलगा धावत आला. हॉस्पिटलमधून आईला घरी घेऊन आला, तर घराचा दरवाजा अर्धाच उघडला. उरलेल्या अर्ध्यामागे रिकामी खोकी होती. वडील गेल्यानंतर त्याने एकदा हे घर रिकामं केलं होतं. आईला आठवडाभर मावशीकडे पाठवलं, ट्रक बोलावला, भिंतींना रंगसुद्धा लावला आणि स्वतःला श्रावणबाळ समजून परत गेला. आई त्याच्याशी दोन वर्षं बोलली नाही. घर मात्र वर्षभरातच पुन्हा गच्च भरलं.

इतका चांगला अनुभव गाठीशी असल्यामुळे मुलाने यावेळीही ट्रकवाल्यालाच फोन लावला.

"ट्रक नको," हॉस्पिटलच्या ज्येष्ठ नागरिक विभागातून घर बघायला आलेली थेरपिस्ट म्हणाली. पडून दुखापत झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना तिथे नीट राहता येईल असं करणं, हे तिचं काम. "मागच्या वेळी ट्रकने काय झालं?"

"घर स्वच्छ झालं."

"आणि?"

मुलाने दरवाज्यामागच्या खोक्यांकडे पाहिलं आणि मोठ्या समजूतदारपणाने विषय बदलला.

थेरपिस्ट अंग तिरकं करत, पोट आत ओढून, पॅसेजमधून आत गेली. मेट्रनबाई हॉलमधल्या एकमेव मोकळ्या खुर्चीत प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्या रात्रीही तिथेच झोपायच्या, कारण पलंगावर कापडाचे तागे, जुन्या पिशव्या आणि एक पंखा झोपलेला होता.

"बस ना," त्या म्हणाल्या आणि कुठे, ते सांगायचं सोयीस्करपणे विसरल्या.

"उभी बरी आहे. आज काहीच उचलायचं नाही, मेट्रनबाई. फक्त बघायचं आणि विचारायचं."

"इन्स्पेक्शन. मला शिकवू नकोस, मुली. मी आयुष्यभर तेच केलं."

थेरपिस्टने खोल्यांच्या फोटोंचा संच काढला. एकच खोली, पहिल्या फोटोत मोकळी, पुढे पुढे भरत जाणारी, शेवटच्यात छताला टेकलेली. आपला हॉल कोणत्या फोटोसारखा दिसतो ते बाईंनी सांगायचं. बाईंनी चष्मा लावला, शेवटच्या फोटोकडे बघून "शी, कशी राहते ही बाई!" म्हणाल्या आणि मधल्यापेक्षाही अलीकडच्या फोटोवर बोट ठेवलं. थेरपिस्टच्या मते हॉल त्याच्या तीन फोटो पुढे होता. तिने वाद घातला नाही. दोघींच्या नजरेतलं अंतर तेवढं टिपून घेतलं.

मग प्रश्न. शेगडी वापरता येते का? येते, पण तिच्या शेजारी वर्तमानपत्रांची भिंत. हीटरची वायर कुठे जाते? त्याच भिंतीखालून. रक्तदाबाच्या गोळ्या? तीन ठिकाणी, कारण सापडल्या नाहीत की बाई नव्या आणत. जास्त खाल्ल्या जात नव्हत्या, बऱ्याचदा चुकतच होत्या. ओटा तेवढा स्वच्छ होता, सडलेलं अन्न कुठेही नव्हतं.

"हे सगळं कधीपासून जमतंय?"

"जमतंय काय, मी आहे तशीच आहे. लहानपणीसुद्धा मी काही टाकत नसे. हे होते तोवर कळलं नाही, कारण मी ड्युटीवर गेले की ते गुपचूप टाकून यायचे. मला वाटायचं, घरात वस्तू हरवतात."

"आणि एखादी वस्तू टाकायची म्हटलं की काय होतं?"

"वॉर्डात एकदा रात्री पट्ट्या संपल्या होत्या," त्या म्हणाल्या. "हे तेव्हापासूनचं नाही. त्याच्याही आधीपासून. पण छातीत तेव्हासारखंच होतं."

विभागाच्या डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासली. बाईंनी सगळे शब्द उलटसुलट आठवून सांगितले, वर डॉक्टरांच्या अक्षराला नावं ठेवली. विसरण्याचा आजार नव्हता. नवरा गेल्याची उदासी होती, त्यासाठी डॉक्टर भेटत राहणार होते; पण पसारा त्या उदासीतून आला नव्हता, तिच्यामुळे फक्त वाढला होता. हा वेगळा आजार होता, वस्तू सोडताच न येण्याचा. त्याला गोळी नाही, हे ऐकून मुलगा फार निराश झाला.

"मग उपाय?"

"तुम्ही," थेरपिस्ट म्हणाली. "त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. हात तुमचे, निर्णय त्यांचा. विचारल्याशिवाय एक कागदसुद्धा हलवायचा नाही."

मुलाच्या हाताखाली ऑफिसात बरीच माणसं होती. आता तो आईच्या हाताखाली आला.

पहिल्या टप्प्यात टाकणं नव्हतंच. फक्त सरकवणं. दरवाजा पूर्ण उघडावा, पॅसेजमधून माणूस सरळ चालत जावा, शेगडीच्या आसपास कागद नसावा, वायर मोकळी असावी. तुम्हाला स्वतःला काय हवंय, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पाय पसरून झोपायचंय." त्यामुळे पलंगही त्याच टप्प्यात आला. मुलगा खोकी उचलून मागच्या खोलीत नेऊ लागला. बाई खुर्चीतून "हळू," "सरळ," "ते उलटं धरलंयस," असं वॉर्डातल्या जुन्या आवाजात सांगत राहिल्या. संध्याकाळपर्यंत पॅसेजची फरशी दिसली. ती मुळात हिरवी आहे, हे मुलाला नव्याने कळलं.

दुसरा टप्पा निवडीचा. हॉलमधलं एकच टेबल, थोडाच वेळ, आणि तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. ठरत नसेल त्यासाठी एक छोटं खोकं. ते भरलं की बंद. वस्तू हातात आली की निर्णय व्हायचा, पुन्हा मूळ ढिगात जायची नाही. टाकायचं ठरल्यावर बाईंनी आपली घालमेल दहापैकी किती, ते सांगायचं, थांबायचं, मग पुन्हा सांगायचं.

मुलाने एका बरणीचं झाकण उचललं.

"बरणी कुठेय?"

"फुटली."

"मग झाकण?"

"दुसरी बरणी फुटेल तेव्हा तिचं झाकण हरवलेलं असेल तर..." बाई थांबल्या. "हे मोठ्याने बोलल्यावर मूर्खासारखं वाटतंय."

"टाकलं तर घालमेल किती?" थेरपिस्टने विचारलं.

"सात."

झाकण टाकायच्या ढिगात गेलं. बाई त्याच्याकडे असं बघत राहिल्या, जणू ते पळून जाईल. चहा झाला. थेरपिस्टने पुन्हा विचारलं.

"तीन," बाई चिडून म्हणाल्या. कमी झाल्याचाच त्यांना राग आला होता.

या गतीने घर रिकामं व्हायला आपली रजा काय, नोकरीही पुरणार नाही, असा हिशेब मुलाने मनात केला. आणि प्रेमापोटी, अर्थातच प्रेमापोटी, एका दुपारी आई डुलकी घेत असताना मागच्या खोलीतली एक फुगलेली पिशवी त्याने गाडीच्या डिकीत टाकली. इतक्या ढिगातून एक पिशवी गेल्याचं कुणाला कळणार?

बाईंना चहाआधीच कळलं.

"पट्ट्यांची पिशवी कुठेय?"

"कसली पिशवी?"

"बापासारखाच आहेस," बाई म्हणाल्या. "तेही असंच विचारायचे." त्यांनी डाव्या हाताने त्याची लॅपटॉपची बॅग पॅसेजमधून ढकलत दरवाज्याबाहेर नेली. पॅसेज मोकळा असल्यामुळे ती छान सरकली. मग दाराला आतून कडी.

थेरपिस्ट ठरल्या वेळी आली, तेव्हा श्रावणबाळ पायरीवर बसलेला होता. त्याने झालं ते सांगितलं. तिने त्याला उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "पिशवी आहे ना अजून?" होती. मग ती दाराशी जाऊन म्हणाली, "मेट्रनबाई, तुमच्या परवानगीशिवाय वस्तू गेली. मी तुम्हाला शब्द दिला होता, तो मोडला. माफ करा. उघडायची सक्ती नाही. मी माझा वेळ संपेपर्यंत इथे आहे."

कडी निघाली नाही. बराच वेळ गेला. थेरपिस्ट दुपारी भरपूर पाणी प्यायली होती.

"मेट्रनबाई," ती शेवटी जरा अवघडून म्हणाली, "तुमची बाथरूम वापरू का?"

या घराची बाथरूम कित्येक वर्षांत कुणी मागितली नव्हती. पाहुणाच आला नव्हता, तर मागणार कोण?

"थांब," आवाज आला. मग बादल्या आपटल्याचे, काहीतरी पडल्याचे आणि एका सन्माननीय निवृत्त अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या शब्दांचे आवाज आले. कडी निघाली. बाथरूममधल्या बादल्या, डबे आणि नळाचे तुकडे आता हॉलमध्ये होते. बाईंना धाप लागली होती.

"एका हाताने जेवढं झालं तेवढं," त्या म्हणाल्या. "जा लवकर."

थेरपिस्ट बाहेर आली तेव्हा बाई खुर्चीत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "घरी आलेल्या माणसाला दारात थांबवावं लागलं," त्या म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात असं झालं असतं, तर मी नर्सची बदली केली असती."

"तुमची बदली नाही करायची. पुढे बाथरूम घेऊ या?"

"आधी पिशवी."

मुलाने पिशवी आणली. ती त्यानेच आईसमोर उघडायची, एकेक वस्तू विचारायची, असं ठरलं. आत धुऊन गुंडाळलेल्या जुन्या पट्ट्या होत्या, पिवळ्या पडलेल्या. मुलगा एकेक उचलत होता आणि बाई "टाक," म्हणत होत्या. "टाक. ही पण. टाक." शेवटची एक मात्र त्यांनी मागून घेतली, मांडीवर ठेवली.

"सगळ्या टाकायच्याच होत्या, तर इतका तमाशा कशाला?" मुलाने विचारलं.

"तू नेलीस ती चोरी. मी टाकतेय तो कचरा. एवढंही कळत नाही, तुला मॅनेजर केलं कुणी?"

मुलगा रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाला, "चुकलं, आई. तेव्हाचंही. ट्रकचं." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याची बॅग आत घ्यायला सांगितलं.

पुढच्या महिन्यांत काही चमत्कार घडला नाही. थेरपिस्ट आठवड्याला येत राहिली, मुलगा महिन्यातून एकदा. वर्तमानपत्रं बंद करायला बाईंनी तीन भेटी वाद घातला आणि मग एक चालू ठेवून बाकीची बंद केली. गोळ्या एका डब्यात आल्या. प्लॅस्टर निघालं. तिसऱ्या टप्प्यात दोघी बाजारात जाऊन काहीही न घेता परत यायचा सराव करू लागल्या. पहिल्या वेळी बाई प्लॅस्टिकच्या डब्यांसमोर घाम पुसत उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. दुसऱ्या वेळी दोन डबे घेऊन आल्या. थेरपिस्टने त्यांना रागावलं नाही. त्या डब्यांच्या बदल्यात घरातले कोणते जाणार, एवढंच विचारलं. बाईंनी तिला शिव्या घातल्या आणि चार काढले.

हॉल आता मधल्या फोटोइतका भरलेला आहे, आणि हे दोघींच्याही मते. मागच्या खोलीतली निवड अजून सुरूच झालेली नाही, तिची चावी बाईंकडे असते. मागच्या महिन्यात मुलगा आला, तेव्हा त्याला पहिल्यांदाच हॉटेलात जावं लागलं नाही. रात्री तो सोफ्याच्या रिकाम्या अर्ध्या भागावर गुडघे पोटाशी घेऊन झोपला. पहाटे पाठ धरून उठला, तर आतल्या पलंगावर आई पाय पसरून, चांगली आडवी पसरून, घोरत होती. त्याने चहाला ठेवलं आणि साखरेचा डबा शोधत बसण्याऐवजी, तिला उठू दिलं, मग तो कुठेय ते विचारलं.