बिलावरचं नाव

बँकेसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भाऊ गेला त्याच्या चौथ्याच दिवशी मी शटर उघडलं. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. असेनही. रडू येत नव्हतं एवढं खरं.

वहिनी आली ती दुपारी, गिऱ्हाईक नसताना. स्टुलावर बसली, पदराशी चाळा करत राहिली.

"ताई, एक ऑफर लेटर करून देशील?"

"कुणाचं?"

"माझं. कुठल्यातरी कंपनीचं. सुपरवायझर म्हणून नेमणूक, पगार बँकेला पटेल एवढा."

घरमालक खोली विकत होता. महिनाअखेर इसार दिला तर तुला, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्याने सांगितलं होतं, म्हणून तिला बँकेचं कर्ज हवं होतं. त्या खोलीत तिची दोन शिलाई मशिनं होती आणि भावाचा खोकला अजून भिंतींत होता. ती शाळेचे गणवेश शिवते. आमच्या भावापेक्षा जास्त कमवायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"नाही देणार," मी म्हटलं.

"तुझ्याकडे रोज दहा कंपन्यांची पत्रं येतात. एकाचा शिक्का उचलायचा, झालं. मी हप्ते बुडवणार आहे का?"

"नाही बुडवणार. तरी ते खोटंच. बँक कंपनीला फोन लावते, पत्रावरच्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या नंबरवर. पगाराच्या पावत्या मागते, खात्यात पगार पडलेला बघते. ऑफर लेटर अगदी खरं असलं तरी ते पगाराचं वचन, पगार नव्हे. आणि पकडलं तर कर्ज तर जाईलच, तुझ्या नावावर फसवणुकीचा डाग बसेल. पुढे कुठलीच बँक दारात उभी करणार नाही. पोलीस आले तर माझ्याही दारात येतील."

"म्हणजे दुकानाची भीती आहे तुला."

"आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण दुकान नसतं तरी दिलं नसतं."

ती उठायला लागली. मी शटर अर्धं ओढलं आणि तिला रस्ता ओलांडून बँकेत नेलं.

कर्ज विभागातले साहेब शांत माणूस. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "शिलाईचे पैसे कसे मिळतात?"

"शाळा खात्यात टाकते."

"कुणाच्या?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "भावाच्या."

लग्न झाल्यापासून तसंच चाललं होतं. बिल भावाच्या नावाने, चेक भावाच्या नावाने, प्राप्तिकराचं विवरणपत्रही त्याचंच. दोन खाती कशाला, एकच संसार आहे, असं भाऊ म्हणायचा. वाईट मनाने नाही म्हणायचा. आम्हीही मान डोलवायचो.

साहेबांनी भावाच्या खात्याचा उतारा पाहिला. "कागदावर ही त्यांची कमाई आहे."

"शिवलं मी," वहिनी म्हणाली.

"माझा विश्वास आहे. पण मला दाखवता यायला हवं. तुमच्या नावाचं खातं, त्यात वर्षभर जमा झालेले पैसे, तुमच्या नावाची बिलं, धंद्याची नोंदणी, तुम्ही भरलेलं विवरणपत्र. शाळेचं पत्र जोडा, त्याचा आधार होईल, पण एकट्या पत्रावर कर्ज नाही होणार."

माझं उत्पन्न जोडून पाहिलं. माझ्याच झेरॉक्स मशिनच्या कर्जाचे हप्ते वजा जाता ते पुरलं नाही. महिनाअखेर तर समोरच होती.

बाहेर पडल्यावर वहिनी म्हणाली, "तू लिहून दिलं असतंस तर निदान प्रयत्न झाला असता."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं असेल, पण हात बधिर झाला की टाचणी टोचलेली कळत नाही, तसं.

खोली गेली. मशिनं टेम्पोत चढवताना मी एक टोक धरलं. ती माझ्या घरी आली आणि कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मशीन मात्र चालत राहिलं. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे खातं उघडून झालं, नोंदणीही झाली.

मग एका सकाळी ती दुकानात आली. शाळेने नवीन वर्षाच्या गणवेशाचं काम दिलं होतं.

"बिल टाईप कर," ती म्हणाली. "माझ्या नावाने."

मी नवीन पान उघडलं. वर नावाची जागा रिकामी. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तशीच राहिली. इतकी वर्षं मी तिला वहिनी म्हणत होते. लग्नात ठेवलेलं नाव ठाऊक होतं, खात्यावर कुठलं आहे ते ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

"पूर्ण नाव सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं, एकेक शब्द, सावकाश. मी टाईप करत गेले. शेवटचं अक्षर पडलं आणि समोरचा स्क्रीन धूसर झाला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच मी रडत होते.

वहिनीने प्रिंटरमध्ये कागद सारला. "आता रक्कम टाक," ती म्हणाली. "आणि नीट बघून टाक."