उघडून बघायचं टेबल

ऑफिसात तिला आकडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण इतक्या जवळून की तिला ऐकू यावं. तिची तक्रार नव्हती. आकडा कुणाच्या बापाला भीत नाही, असं तिला इतकी वर्षं वाटत आलेलं होतं.

कंपनी लिफ्टचे सुटे भाग पुरवायची. गोदामात दहा महिन्यांपूर्वी स्कॅनरची नवी यंत्रणा सुरू झाली होती. त्या यंत्रणेचा मूळ प्रस्ताव आकडेबाईनेच लिहिलेला. त्यात तीन वचनं होती: चुकीचे भाग जाण्याचं प्रमाण शंभराला सहावरून दोनवर येईल, एक मागणी चाळीस मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटांत बाहेर पडेल आणि गोदामातल्या नऊ जागांच्या पाच होतील. खरं म्हणजे तिच्या हिशेबात तीनच जागा कमी होत होत्या. पण तीन धरल्या तर घातलेला पैसा वसूल व्हायला तीन वर्षं आणि दोन महिने लागत होते, आणि कंपनीचा नियम तीन वर्षांचा. दोन महिन्यांसाठी कशाला अडायचं, म्हणून तिने तीनाचे चार केले. कागदावर माणूस फार हलका असतो.

आता त्या वचनांचं काय झालं ते तपासायलाही तिलाच पाठवलं होतं. स्वयंपाक केला त्यानेच चव घ्यावी, असा प्रकार. पण दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

गोदामात शिरल्या शिरल्या तिला मूळ आराखड्यात नसलेली एक गोष्ट दिसली. बाहेर जायच्या दाराशी एक लांब टेबल, त्याभोवती चार माणसं, आणि प्रत्येक खोका उघडून आत बघणं चाललेलं. मधोमध भिंगकाका. डोळ्याला भिंग लावून ते एक स्विच असा न्याहाळत होते, की जणू मुलीला स्थळ आलंय.

"हे काय चाललंय काका?"

"उघडून बघायचं टेबल," काका म्हणाले. "बसा. पण हात लावू नका, वहिनी ओरडतील."

वहिनी म्हणजे त्यांच्या दिवंगत भावाची बायको, शेजारीच बसलेली. "मी ओरडत नाही," ती खोका बंद करत म्हणाली, "मी समजावते. यांना ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने समजावते."

काकांनी दोन स्विच समोर ठेवले. नंबर एकच. पण बनवणाऱ्याने गेल्या वर्षी भोकांमधलं अंतर बदललेलं. पूर्वी जुना माल एका फळीवर आणि नवा दुसऱ्या फळीवर ठेवायचे. नव्या यंत्रणेला नंबर एक म्हणजे माल एक, म्हणून दोन्ही एकाच कप्प्यात गेले. स्कॅनर हिरवा दिवा लावतो, आणि तिकडे मेकॅनिक अर्ध्यात अडकलेल्या लिफ्टशी उभा राहून आपल्याला शिव्या घालतो.

"पहिल्या महिन्यात शंभराला नऊ चुकले," काका म्हणाले. "मग आम्ही हे टेबल मांडलं. कोणी सांगितलं नव्हतं. आता दोनाच्या आत आहे."

"एक पूर्णांक आठ," आकडेबाई म्हणाली. तो आकडा तिच्या कागदावर होताच. त्यामागचं टेबल तेवढं नव्हतं.

वहिनीने ड्रॉवरमधून एक वही काढली. पकडलेली प्रत्येक चूक त्यात होती: तारीख, नंबर, कुठे जाणार होती. नऊ महिन्यांत पाचशे त्र्याऐंशी. "न्या तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांना दाखवा. आम्ही रिकामटेकडे नाही हे तरी कळू दे."

आकडेबाईने मनात बेरीज केली. टेबल उठलं तर चुका पुन्हा शंभराला नऊ. आणि प्रस्तावात ज्या चार जागा तिने कमी केल्या होत्या, त्या याच चौघांच्या. चुका कमी हव्या असतील तर ही माणसं हवीत. माणसं कमी केली तर चुका वाढणार. दोन्ही फायदे एकदम मिळणारच नव्हते. तिने वही पिशवीत घातली आणि हे स्वच्छ लिहायचं ठरवलं. तीनाचे चार केल्याची निदान एवढी उधारी तरी फेडता येईल.

लिहिलंही. पण बैठकीत अहवाल कोणी वाचत नाही, पहिलं पान बघतात. त्या पानाचा नमुना ठरलेला, आणि तो आकडेबाईनेच बनवलेला: एका ओळीत एक वचन, शेजारी प्रत्यक्ष आकडा, त्याच्या शेजारी रंग. चुका हिरव्या. वेळ अडतीस मिनिटं, लाल. जागा नऊच्या नऊ, लाल.

"चुका हिरव्या, शाबास," मोठे साहेब म्हणाले. "वेळ का लाल?"

"टेबलावर तेरा मिनिटं जातात," प्रकल्पप्रमुख म्हणाला. यंत्रणा त्यानेच बसवली होती आणि दोन महिन्यांत तो दुसऱ्या प्रकल्पावर निघणार होता. "अडतीसातून तेरा गेले, पंचवीस. बरोब्बर. आणि जागाही त्यामुळेच अडल्यात. टेबल आराखड्यात नव्हतंच. यांनी आणलेली ही वही, टेबल चालू असल्याचा हाच पुरावा की."

"वही उलटं सांगतेय साहेब," आकडेबाई म्हणाली. "पहिली ओळ हिरवी आहे ती या टेबलामुळे. टेबल काढलं तर ती लाल होईल."

"होईल. झाली आहे का?"

"नाही."

"मग आज काय लिहायचं?"

एक ओळ दुसरीवर टेकलेली असते हे सांगायला पानावर रकानाच नव्हता.

"आधी नंबरात जुना-नवा फरक घालू," ती पुन्हा म्हणाली. "मग टेबल खुशाल काढा."

"प्रकल्प बंद झालाय, बाई. त्याचे पैसेही संपले," प्रकल्पप्रमुख सौम्यपणे म्हणाला. "बदल हवा तर नवा प्रस्ताव लिहा. फायदा काय दाखवाल?"

"चुका कमी होतील."

"तो फायदा तर आपण मिळालेला दाखवलाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे जरा आपुलकीने पाहिलं, तेच जास्त लागलं. "तुमची शंका जोखीम म्हणून नोंदवून घ्या. आणि चार जागा तुमच्याच प्रस्तावात आहेत ना? मी तर नुसती सही केली होती."

पुढच्या आठवड्यात ती गोदामात गेली. बोलावलं नव्हतं. चौघांना कामावरून कमी केल्याची पत्रं आदल्या दिवशीच मिळालेली होती. टेबल भिंतीला उभं केलं होतं, आणि भिंगकाका त्याच्या पायांवरची धूळ फडक्याने पुसत होते.

"तुमची वही," ती म्हणाली.

वहिनीने ती घेतली, उघडली नाही. "दाखवली का?"

"दाखवली."

"वाचली?"

"वाचली." खोटं नव्हतं. वाचलीच होती.

"मग आम्ही ती द्यायलाच नको होती म्हणा," वहिनी म्हणाली. स्वरात राग नव्हता, जणू कोथिंबीर महाग मिळाली असावी.

"मी तीनाचे चार केले होते," आकडेबाई एकदम म्हणाली. "मूळ प्रस्तावात. हिशेब तिघांचाच होता."

काकांनी फडकं झटकलं आणि जरा विचार केला. "म्हणजे आमच्यातला एक वाचला असता. कोण?"

तो चौथा नुसता आकडा होता, त्याला चेहरा नव्हता.

"तो खेळ नको," वहिनी म्हणाली. "घरी जाऊन भांडण लागेल."

काका हसले. मग भिंग शर्टाच्या खिशात टाकत त्यांनी विचारलं, "पण आता चुका मोजायला तुम्ही पुन्हा कधी येणार? सहा महिन्यांनी?"

"आढावा एकदाच असतो काका. झाला. फाइल बंद."

"म्हणजे यापुढे कोणी मोजणार नाही?"

"नाही."

"मग चुका होणारच नाहीत म्हणा की," काका म्हणाले आणि टेबलाचं दुसरं टोक तिच्याकडे सरकवलं. "धरा जरा. मागच्या खोलीत न्यायचंय. एकट्याने उचलत नाही."

टेबल जड होतं. वाटेत ते दोनदा खाली टेकवावं लागलं. स्कॅनर घेतलेला माणूस एक खोका घेऊन शेजारून गेला. दाराशी हिरवा दिवा लागला, आणि खोका न उघडता बाहेर पडला.