जैतूचा दुसरा टेक

जैतूची मुलाखत कार्तिकात झाली आणि माघात त्याला लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. चैत्रात त्याची मुलगी वनिता खोपोलीला नमिराच्या एडिटच्या खोलीत बसून त्याच मुलाखतीतला शब्द न् शब्द तपासत होती.

फिल्म रानातल्या कंदांवर होती. दिग्दर्शिका प्राची पुण्याची. तिने कशेळ्याच्या वरच्या वाड्यांमधून हिंडून एकेचाळीस तासांचं चित्रण गोळा केलं होतं आणि ते सगळं नमिराच्या हवाली केलं होतं. नमिराची खोली तिचे अब्बा झाकीर यांच्या फोटो स्टुडिओच्या वर होती. खाली पासपोर्टचे फोटो निघत, वर फिल्म जुळत.

एकेचाळीस तास कुणी पुन्हा पुन्हा बघत बसत नाही. सॉफ्टवेअरने सगळ्या चित्रणातलं बोलणं ऐकून लिहून काढलं होतं आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ घातली होती. नमिराने ‘कंद’ टाइप केलं की जिथे जिथे तो शब्द आला त्या सगळ्या जागा समोर येत. ओळीवर बोट ठेवलं की चित्रण नेमकं तिथे उघडे. मग ती बघायची आणि टॅग लावायची: घ्या, बघू, नको. ‘घ्या’वाले तुकडे ओळीने लावले की फिल्मचा पहिला कच्चा आराखडा उभा राहणार होता. त्याला ती रफ कट म्हणे.

अडचण एकच होती. सॉफ्टवेअरला शहरातलं मराठी येत होतं, वाडीवरचं येत नव्हतं. ‘हाय’, ‘नाय’, ओढ्याला म्हणतात तो ‘व्हाळ’, यांचं ते काहीतरी भलतंच लिही आणि मग शोधताना बरोबर जागा हाती लागत नसे. म्हणून प्राचीने वनिताला कामावर घेतलं. तिचं बीए कर्जतला झालं होतं आणि दोन्ही बोल्या तिच्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस ती येई, हेडफोन लावून ऐके आणि चुकलेले शब्द दुरुस्त करी.

नमिराने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वडिलांचे तुकडे ऐकणं जड जाणार असेल तर ते बाजूला ठेवू, मी कसंतरी निभावीन. वनिता म्हणाली, “नको ताई, तेच मला द्या.”

जैतूच्या मुलाखतीत कडू कंदाच्या प्रश्नाचे दोन टेक होते. पहिल्यात तो सविस्तर सांगत होता, पण मधेच रस्त्याने एक टेंपो गेला आणि पुढचं काही ऐकू येत नव्हतं. लिखाणातही तिथे नुसतं ‘अस्पष्ट’ होतं. प्राचीने त्याला पुन्हा, आणि जरा थोडक्यात सांगायला सांगितलं होतं. दुसरा टेक मात्र देखणा होता. कंद हातात, तिरपं ऊन गालावर, आणि तोंडभर हसू. नमिराने तो पाहताक्षणी ‘घ्या’ केला होता. प्राचीलाही तिने फोनवर सांगून टाकलं होतं की फिल्मचा चेहरा सापडला.

एका बुधवारी नमिरा रफ कटची पहिली पाच मिनिटं लावत होती. ‘घ्या’ची यादी उघडली तर त्यात जैतू नव्हता. तिला वाटलं आपल्याच हातून काही खोडलं गेलं. शोधलं तेव्हा तो टेक ‘नको’च्या यादीत सापडला. टॅग लावणारीचं नाव वनिता.

वनिता शेजारीच होती. तिने हेडफोन काढले पण नमिराकडे पाहिलं नाही.

नमिराने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि हळू विचारलं, फिल्ममध्ये वडील नको वाटतायत का. तसं असेल तर तो हक्क घरच्यांचा आहे, प्राचीला मी समजावते. वनिताने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, “बा चुकीचं सांगतोय त्यात.”

तिने ती ओळ उघडून दाखवली. जैतू म्हणत होता, ‘कडू हाय, पन उकडायचा आन खायचा.’ एवढंच. वनिताने सांगितलं की नुसता उकडून तो कंद खाल्ला तर माणूस ओकून ओकून बेजार होतो, लहान मूल दगावूही शकतं. त्याच्या पातळ चकत्या करतात, राख घालून उकडतात आणि मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो पोटाला सोसतो. हे तिला सातव्या वर्षी बानेच शिकवलं होतं. थोडक्यात सांगा म्हटल्यावर त्याने मधलं सगळं गाळलं होतं. फिल्म बघून शहरातल्या कुणी तसं करून पाहिलं तर?

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

 वनिताने सांगितलं ते असं: चूक तिला सोमवारीच सापडली होती. दोन दिवस ती गप्प राहिली. तिला वाटत होतं, बा आता बोलू शकत नाही, ही चूक सुधारू शकत नाही, आणि त्याचा एवढा चांगला दिसणारा एकच तुकडा आहे. त्यावर ‘नको’ लिहायचं म्हणजे आपल्या हाताने बापाला पुसण्यासारखं. शेवटी सकाळी आल्या आल्या तिने डोळे मिटून तो टॅग लावला होता.

नमिराने तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, “बसून शोधू. एवढा बोलणारा माणूस, एकदाच कसा बोलला असेल?”

नमिराने ‘राख’ शोधलं. मुलाखतींत एकही जागा आली नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण फक्त मुलाखतींच्या कप्प्यात शोधतोय. पायवाटा, झाडं, चुली असे नुसते दृश्यांचे तुकडे तिने वेगळे ठेवले होते. त्यांत बोलणं नाही असं समजून ती ते शोधात घेतच नसे आणि वनितालाही दिले नव्हते. तिने सगळे कप्पे उघडले. ‘राख’ दोनदा आली, दोन्ही वेळा भांडी घासण्याबद्दल.

मग वनिता म्हणाली, राख हा शब्द सॉफ्टवेअरला नीट ऐकू आलाच नसेल तर? ज्यात चूक होणार नाही असा शब्द घेऊ. तिने ‘उकड’ टाइप केलं. एकोणीस जागा आल्या. दोघी एकेक ओळ वाचत गेल्या. चौदाव्या ओळीवर वनिता थांबली आणि तिला हसू फुटलं. सॉफ्टवेअरने लिहिलं होतं, ‘कंद रागात उकडायचा.’

“बाला राग कधी येतच नाय,” ती म्हणाली. “राखंत म्हणतोय तो.”

तुकडा पायवाटेचा होता. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसती वाळली पानं आणि कॅमेरावाल्याचे बूट. पण जैतूच्या सदऱ्याला लावलेला माइक काढायचा राहून गेला होता आणि आवाज स्वच्छ होता. तो मुलाखतीचा नव्हता, घरातला आवाज होता. त्या दिवशी वनिता जेवण घेऊन त्यांच्या मागे चालली होती आणि तो तिलाच सांगत होता.

“वने, त्या बाईला सगळं सांगायचं ऱ्हायलं बघ. चकत्या करायच्या, कंद राखंत उकडायचा, रातभर व्हाळात ठेवायचा, मंग खायचा. तू सांग तिला. मी घाबरलो त्या डब्याला.”

डबा म्हणजे कॅमेरा. आता कुठे वनिताला ते बोलणं आठवलं, आणि प्राचीला सांगायचं आपण विसरलो हेही. तिने ओळ दुरुस्त केली, ‘रागात’ खोडून ‘राखंत’ लिहिलं, आणि मग हेडफोन गळ्यात घेऊन रडली. नमिराने खाली जाऊन दोन चहा आणले.

चित्र नसलं तरी आवाज वापरता येणार होता. चकत्या करतानाचं, व्हाळाचं चित्रण होतंच, त्यावर तो बसला असता. पण नमिराला ते परस्पर करायचं नव्हतं. तो माणूस आहे ना अजून, त्याला ऐकवू, असं ती म्हणाली.

रविवारी सकाळी दोघी नमिराच्या स्कूटरवरून वाडीवर गेल्या. जैतू पडवीत खाटेवर होता. वनिताची आई आवडी हिने नमिराला पाणी दिलं आणि लॅपटॉपकडे बघून म्हणाली, “त्याला काय कळतंय आता, बाय.” ती ते त्याच्यासमोरच म्हणाली. दोन महिने सगळेच तसं बोलत होते. तो छताकडे बघत पडून असायचा, हाक मारली तरी वळेलच असं नव्हतं.

नमिराने लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि आधी दुसरा टेक लावला. जैतूची नजर पडद्यावर आली, स्वतःला बघत राहिली. ‘उकडायचा आन खायचा’ आलं आणि त्याने डाव्या हाताने खाटेच्या पट्टीवर थाप मारली. घशातून आवाज काढला. मान इकडून तिकडे हलवली.

आवडी घाबरली, बंद कर म्हणाली. वनिताने तिचा हात धरला आणि नमिराला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा त्याच शब्दावर थाप पडली. मग वनिताने बाचाच दुसरा एक तुकडा लावायला सांगितला, घराच्या कुडाबद्दलचा. तो शांतपणे बघत राहिला. तिसऱ्यांदा कंद आला आणि थाप आली.

वनिता खाटेशी गुडघ्यांवर बसली. “बा, राख सांगायची ऱ्हायली, हाय ना?”

जैतूने मान खाली-वर केली. एकदा, मग पुन्हा.

आवडी पदर तोंडाशी धरून दाराला टेकली.  नमिराने पायवाटेवरचा आवाज लावला. ‘मी घाबरलो त्या डब्याला’ ऐकताना त्याच्या तोंडाची डावी बाजू वर गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. हा घेऊ का, असं वनिताने विचारलं. त्याने मान हलवली, खाली-वर.

त्या दिवशी दोघी दुपारपर्यंत बसल्या. जैतूचे बाकीचे सगळे तुकडे एकेक करून त्याला दाखवले. खाली-वर म्हणजे घ्या, आडवी म्हणजे नको. अजून दोन ठिकाणी त्याने थाप मारली आणि दोन्ही ठिकाणी त्याचंच खरं निघालं: एका पाल्याचं नाव प्राचीने प्रश्न विचारताना चुकीचं घेतलं होतं, आणि एक कंद भलत्याच वेलीसोबत दाखवला होता. नमिराने यादीत एक नवा टॅग केला. त्याचं नाव ठेवलं ‘जैतूने पाहिलं’.

रफ कट दहा दिवसांनी प्राचीकडे गेला. त्यात जैतू चार मिनिटं आहे. दुसऱ्या टेकचा सुरुवातीचा तुकडा ठेवलाय, कंद हातात घेऊन हसतो तिथपर्यंत. पुढे चकत्या पडताना दिसतात आणि त्यावर तो लेकीला सांगतोय ते ऐकू येतं.

वाडीवर मात्र फिल्मबद्दल फारसं कुणी विचारत नाही. त्या रविवारी संध्याकाळी आवडीने चहा ओतला आणि नेहमीसारखा त्याच्या ओठांशी नेऊन घोटभर पाजला. मग थांबली. साखर जास्त झाली का, असं तिने त्याला विचारलं. जैतूने मान खाली-वर केली. ती उठली आणि दुसरा चहा ठेवला.