खालच्या ओळी

उदगीरच्या शिवप्रसादनं आठ वर्षांच्या लेकीसाठी मालिका शोधायला घेतली. वर्षाराणीला पडद्यावर खाली येणाऱ्या मराठी ओळी आता कुठं वाचता येऊ लागल्या होत्या. पण कार्टूनमधल्या ओळी वाचून व्हायच्या आत पळायच्या. शेवटी त्याला एक कानडी मालिका सापडली. बोलणं संथ, ओळी दोन-चार शब्दांच्या. भाषाच कळली नाही की पोरगी झक मारून वाचेल.

मालिका सुरू झाली तशी पोरीनं डोळे मिटले.

"अगं, वाच की!" तो खेकसला.

"कशाला? समदं कळतंय. आई असंच बोलायची."

त्याची बायको कानडी मुलखातल्या बिदरची; तिला वारून चार महिने झाले होते. मायलेकी स्वयंपाकघरात काय बोलायच्या, याकडं त्यानं कधी कान दिला नव्हता. आताही त्याला काही वाटलं नाही. कानडी येत नव्हती, म्हणून खालच्या ओळी तो एकटाच वाचत बसला.